शेअरचं अ‍ॅप कायमचं बंद करायचंय: आधी एसआयपी, मग मॅन्डेट, मग शेअर

प्रश्न: पाच वर्षांपूर्वी मोबाइल अ‍ॅपवर डिमॅट आणि ट्रेडिंग खातं काढलं होतं. आता माझ्या बँकेच्या ब्रोकरकडे नवं खातं उघडलंय. सगळं तिकडे हलवून जुनं कायमचं बंद करायचंय. जुन्यात ११ कंपन्यांचे शेअर, एक गोल्ड ईटीएफ आणि दोन म्युच्युअल फंड आहेत. फंडांची एसआयपी ५ आणि १० तारखेला जाते. काही शेअर मार्जिनसाठी प्लेज म्हणजे तारण ठेवलेले आहेत. बँकेत ऑटो-डेबिटचं मॅन्डेट आहे, शिवाय एक यूपीआय ऑटोपे. मॅन्डेट रद्द केलं की एसआयपी आपोआप थांबते ना? आणि शेअर हलवायचे पैसे पडतात का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'नीट केलं तर नाही' असं आहे. मी बरीच वर्षं एका डीपीच्या, म्हणजे डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेच्या, बॅक ऑफिसात क्लोजरचे फॉर्म तपासायचं काम केलंय. तिथे परत जाणाऱ्या फॉर्मांपैकी फार थोडे कागद अपुरे आहेत म्हणून परत जायचे. बहुतेकांचा क्रमच चुकलेला असायचा. शेअर हलवून झाले आणि चार दिवसांनी एसआयपीचे युनिट जुन्या खात्यात येऊन बसले, किंवा खातं बंद करायला टाकलं आणि लेजरमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या पैशांच्या हिशेबात, ३५ रुपये देणं निघालं, असले प्रकार. त्यामुळे मी क्रमानेच सांगतो. आणि हो, फोनमधून अ‍ॅप काढून टाकल्याने काहीही बंद होत नाही. खातं डिपॉझिटरीत, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएलमध्ये, तसंच राहतं आणि वार्षिक शुल्काची आकारणीही चालू राहते.

सुरुवात एसआयपीपासून करा, मॅन्डेटपासून नको. एसआयपी आणि मॅन्डेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या ठिकाणी नोंदलेल्या. 'दर महिन्याच्या ५ तारखेला या फंडाचे ३,००० रुपयांचे युनिट घ्या' ही एसआयपी, आणि ती अ‍ॅपमधून फंड-मंचावर नोंदलेली असते. 'माझ्या खात्यातून अमुक रकमेपर्यंत पैसे कापू द्या' ही बँकेला दिलेली परवानगी म्हणजे मॅन्डेट. परवानगी काढून घेतली तरी सूचना जिवंतच असते. ५ तारीख आली की पैशांची मागणी जाते, ती परत येते आणि चेक वटला नाही तर घेतात तसं परतीचं शुल्क बँक तुमच्याकडून घेऊ शकते. ते बँकेप्रमाणे बदलतं, पण साधारण काही शे रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. तुमच्या दोन एसआयपी आहेत, म्हणजे एकाच महिन्यात दोनदा. लागोपाठ काही हप्ते चुकले की एसआयपी शेवटी आपोआप रद्द होते, हे खरं आहे. पण तोवरचा भुर्दंड कशाला?

म्हणून अ‍ॅपमध्ये जाऊन दोन्ही एसआयपी रद्द करा. 'पॉज' करू नका, 'कॅन्सल' करा, कारण पॉज केलेली ठरावीक महिन्यांनी परत उठते. हप्त्याची तारीख आठवड्याभरावर आली असेल तर तो हप्ता जाऊ द्या. पैसे कापण्याची मागणी तारखेच्या आधीच पाठवलेली असते, आणि आदल्या दिवशी एसआयपी रद्द केली तरी ती मागणी बहुधा थांबत नाही. समजा आज ३ तारीख आहे. ५ आणि १० चे दोन्ही हप्ते जाऊ द्या, युनिट डिमॅटमध्ये जमा झालेले डोळ्यांनी बघा आणि मग एसआयपी रद्द करा. आज १८ तारीख असेल तर आत्ताच करा. मध्ये भरपूर वेळ आहे. नव्या खात्यात तीच एसआयपी चालू ठेवायची असेल तर तिथलं मॅन्डेट आजच टाका. बँकेची मंजुरी यायला काही दिवस लागतात आणि एखादा महिना हुकू शकतो.

एसआयपी 'रद्द' अशी दिसायला लागली की मॅन्डेटकडे वळा. इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. नेट बँकिंगमध्ये मॅन्डेटची यादी उघडतात, त्यात आपल्या अ‍ॅपचं नाव शोधतात आणि ते सापडतच नाही. सापडणार कसं? जुलै २०२२ पासून म्युच्युअल फंडाचे पैसे ब्रोकरने स्वतःच्या खात्यात जमा करून पुढे पाठवायला सेबीने मनाई केली. आता ते थेट क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे, म्हणजे बाजारातल्या व्यवहारांचा हिशेब मिटवणाऱ्या संस्थेकडे, जातात. तुमचं अ‍ॅप मुंबई शेअर बाजाराच्या स्टार एमएफ या मंचावरून फंड घेत असेल, तर मॅन्डेटवर INDIAN CLEARING CORP असं नाव येतं. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या मंचावरून घेत असेल तर NSE CLEARING. ट्रेडिंग खात्यात पैसे टाकायला वेगळं मॅन्डेट दिलेलं असेल, तर त्यावर मात्र ब्रोकरचं नाव दिसतं.

आता यातली पुढची अडचण. तुमच्याकडे दुसरं एखादं फंडाचं अ‍ॅप असेल आणि तेही स्टार एमएफवरून चालत असेल, तर त्याचं मॅन्डेटही याच नावाने दिसेल. त्याच यादीत घराच्या कर्जाचा हप्ता असतो, विम्याचा प्रीमियम असतो. मी एका गृहस्थांना घरकर्जाचंच मॅन्डेट रद्द करून बसलेलं पाहिलंय. त्यांना वाटलं, रक्कम २५,००० आहे म्हणजे हेच असणार. नाव आणि रक्कम यांवर विसंबू नका. रक्कम तर हमखास फसवते, कारण मॅन्डेटवर छापलेला आकडा हा हप्ता नसून कमाल मर्यादा असते. ३,००० आणि २,००० च्या दोन एसआयपी एकाच २५,००० च्या मॅन्डेटवर चालतात. ओळख पटवायची ती यूएमआरएनवरून. हा २० अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक मॅन्डेटला वेगळा असतो. अ‍ॅपमध्ये बँक किंवा ऑटोपेच्या पानावर तो सापडतो, नाही सापडला तर मॅन्डेट मंजूर झाल्याच्या जुन्या मेलमध्ये असतो. तो आणि बँकेच्या यादीतला क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला तरच रद्द करा.

रद्द करायचं कुठून? अ‍ॅपमध्ये सोय असेल तर तिथून, नाहीतर बँकेतून. बहुतेक मोठ्या बँकांच्या नेट बँकिंगमध्ये मॅन्डेट रद्द करण्याची सोय असते. नसली तर शाखेत एक अर्ज द्यायचा, त्यात यूएमआरएन लिहायचा आणि पोच घ्यायची. अ‍ॅपमधून रद्द केलं तरी दोन-चार दिवसांनी बँकेच्या यादीत जाऊन ते खरंच गेलंय का ते बघा. यूपीआय ऑटोपे या यादीत दिसणार नाही, त्याचा मार्ग वेगळा आहे. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून मंजुरी दिली होती त्यात 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' या भागात जाऊन, यूपीआय पिन टाकून ते रद्द होतं. फोन बदलताना ते अ‍ॅप काढून टाकलं असेल तर त्याच नंबरवर पुन्हा टाका, त्याच बँक खात्याशी जोडा आणि मग बघा.

एक ताकीद. याच काळात जुन्या अ‍ॅपला जोडलेलं बँक खातं बंद करू नका. लेजरमधले उरलेले पैसे, एखादा लाभांश, शुल्काचा परतावा, सगळं त्याच खात्यात येणार असतं. मोबाइल नंबर आणि ईमेलही तेच चालू ठेवा, कारण ओटीपी तिथेच येणार आहे.

आता खातं मोकळं करायचं. आधी प्लेज सोडवा. प्लेज असलेला शेअर तुमच्या नावावर असतो, पण 'फ्री बॅलन्स'मध्ये धरला जात नाही, आणि हस्तांतराची स्लिप फक्त फ्री बॅलन्सवर चालते. त्या मार्जिनवर फ्युचर-ऑप्शनचा एखादा सौदा उघडा असेल तर तो आधी बंद करावा लागेल, त्याशिवाय ब्रोकर प्लेज सोडणार नाही. उधारीवर म्हणजे एमटीएफमध्ये घेतलेले शेअर असतील तर त्याचे पैसे आधी भरा. अनप्लेजची विनंती टाकल्यावर पुढच्या एक-दोन कामाच्या दिवसांत ते फ्री बॅलन्समध्ये दिसायला हवेत.

मग लेजर बघा. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर दिसणारी शिल्लक आणि लेजरमधली शिल्लक एकच असेल असं नाही. वार्षिक शुल्क, प्लेज-अनप्लेजचं शुल्क, उशिराचं व्याज हे नंतर लागतं. प्लेज सोडवल्यावर दोन दिवस थांबून लेजर उतरवून घ्या, देणं असेल ते भरा, येणं असेल ते काढून घ्या. शेवटी आकडा शून्य हवा. ३० रुपयांच्या देण्यापायी विनंती नाकारली जाते आणि नाकारल्याचा मेल प्रमोशनच्या ढिगात पडून राहतो. ग्राहक मात्र महिनाभर खातं बंद झालंय असं समजून चालतो.

तिसरं, तुमच्या बारा नावांपैकी, म्हणजे ११ कंपन्या आणि ईटीएफ, कुणाचा बोनस, स्प्लिट किंवा राइट्स जाहीर झालाय का ते बघा. रेकॉर्ड डेटला शेअर ज्या खात्यात असतो त्याच खात्यात बोनसचे शेअर येतात. तारीख जवळ असेल तर बोनस जमा होईपर्यंत थांबा किंवा तारखेच्या पुरेसं आधी हलवून मोकळे व्हा. मधेच अडकलात तर मूळ शेअर नव्या खात्यात आणि बोनस बंद होत असलेल्या खात्यात, असं त्रांगडं होतं. लाभांशाची एवढी काळजी नको. तो रेकॉर्ड डेटच्या खात्याला जोडलेल्या बँकेत येतो, म्हणून तर वर बँक खातं चालू ठेवा म्हटलं.

आता पैशांचा प्रश्न. शेअर हलवायचे दोन मार्ग आहेत आणि बहुतेक जण नकळत महागडा धरतात. पहिला मार्ग साध्या ऑफ-मार्केट हस्तांतराचा. खातं सीडीएसएलमध्ये असेल तर 'ईझीएस्ट'वर, एनएसडीएलमध्ये असेल तर 'स्पीड-ई'वर नोंदणी करून, किंवा डीपीला कागदी डीआयएस स्लिप देऊन एकेक शेअर पाठवायचा. यात दर आयएसआयएनमागे, म्हणजे प्रत्येक रोख्याच्या ओळख क्रमांकामागे, शुल्क लागतं. समजा तुमच्या ब्रोकरचा दर २५ रुपये आहे. तुमच्याकडे ११ कंपन्या, एक ईटीएफ आणि दोन फंड, म्हणजे १४ आयएसआयएन. त्याचे ३५० रुपये आणि जीएसटी ६३, एकूण ४१३. काही ब्रोकर किमतीच्या टक्केवारीत शुल्क घेतात, तिथे आकडा बराच फुगू शकतो.

दुसरा मार्ग 'क्लोजर कम ट्रान्सफर'चा. खातं बंद करण्याच्या फॉर्ममध्येच नव्या खात्याचा तपशील देऊन 'सगळं तिकडे पाठवा आणि हे बंद करा' अशी एकच सूचना द्यायची. जानेवारी २००६ पासून सेबीचा नियम आहे की, सगळे रोखे स्वतःच्याच दुसऱ्या डिमॅट खात्यात जात असतील तर त्यावर शुल्क घेता येत नाही, मग दुसरं खातं वेगळ्या डीपीकडे असो की वेगळ्या डिपॉझिटरीत. अट एकच, दोन्ही खाती सर्व बाबतीत एकसारखी हवीत. आधी पहिल्या मार्गाने शेअर हलवून मग रिकामं खातं बंद करणारे बरेच जण हे ४१३ रुपये उगाच भरतात. माझा सल्ला दुसऱ्या मार्गाचा. अपवाद एकच, मधल्या काळात एखादा शेअर तातडीने विकायचा असेल तर. तो हलवूच नका, जुन्याच खात्यातून विका आणि पैसे बँकेत आल्यावर पुढचं करा.

'एकसारखी' या शब्दावर फॉर्म अडतो. सीडीएसएल खात्याचा क्रमांक १६ आकडी असतो, पहिले आठ डीपीचे आणि नंतरचे आठ तुमचे. एनएसडीएलचा डीपी आयडी IN ने सुरू होतो. आकडे चुकले तर लगेच लक्षात येतं, नावातला फरक मात्र चटकन दिसत नाही. जुन्या खात्यावर पॅनप्रमाणे पूर्ण नाव, नव्यावर बँकेच्या नोंदीप्रमाणे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. लग्नानंतर बदललेलं आडनाव एका ठिकाणी, जुनं दुसऱ्या ठिकाणी. किंवा जुनं खातं एकट्याचं आणि नवं बँकेच्या सल्ल्याने पत्नीबरोबर संयुक्त. या शेवटच्या प्रकाराला शुल्कमाफी मिळत नाही. दोन्ही खाती संयुक्त असली तरी नावांचा क्रमही तोच हवा. तुमच्या बँकेने नवं खातं संयुक्त काढून दिलं असेल तर आत्ताच बघून घ्या.

यासाठी नव्या ब्रोकरकडून क्लायंट मास्टर रिपोर्ट मागा. त्यावर नाव, पॅन, डीपी आयडी, क्लायंट आयडी, जोडलेली बँक, नॉमिनी असं सगळं असतं. त्यावर ब्रोकरचा शिक्का-सही किंवा डिजिटल सही हवी. अ‍ॅपमधल्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट चालत नाही. तोच कागद जुन्या खात्याच्या अशाच रिपोर्टशेजारी ठेवून ओळ ओळ ताडून बघा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा. फॉर्म टाकून नाकारला जाण्याची वाट बघण्यापेक्षा हे लवकर होतं. नॉमिनी शेअरांबरोबर येत नाही. तो नव्या खात्यात वेगळा नोंदवावा लागतो, तेही याच वेळी उरकून घ्या.

फॉर्म ऑनलाइन असेल तर आधारवर ई-साइन होतो आणि सहीचा प्रश्न मिटतो. कागदी असेल तर सही तीच हवी जी त्यांच्या नोंदीत आहे, आणि अ‍ॅपवाल्या खात्यांत ती पाच वर्षांपूर्वी मोबाइलच्या काचेवर बोटाने गिरवलेली असते. ती आठवत नसेल तर खातं उघडतानाचा अर्ज मेलमध्ये शोधा, त्याच्या पीडीएफमध्ये सही दिसते. पॅनवरची सही करून फॉर्म पाठवणाऱ्यांचे फॉर्म मी सही जुळत नाही म्हणून ढिगाने परत पाठवलेत.

फॉर्ममध्ये दोन चौकटी वेगळ्या असतात, डिमॅट आणि ट्रेडिंग. दोन्हींवर खूण करा. फक्त डिमॅट बंद झालं तर ट्रेडिंग खातं रिकामं का होईना, तुमच्या नावाने उभं राहतं. डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढून घ्यायची ब्रोकरला दिलेली परवानगी, किंवा जुनं मुखत्यारपत्र दिलेलं असेल तर ते रद्द करत असल्याचंही त्याच अर्जात लिहा.

फंडाच्या युनिटांबद्दल एक खुलासा हवा. ती डिमॅटमध्येच आहेत ना, हे होल्डिंग स्टेटमेंटवर पाहा. काही अ‍ॅप फंड डिमॅटमध्ये न ठेवता थेट फंड कंपनीच्या फोलिओत ठेवतात. तसं असेल तर ती हलवायचीच नाहीत. अ‍ॅप बंद झालं तरी फोलिओ तसाच राहतो आणि एमएफ सेंट्रलवर किंवा रजिस्ट्रारच्या, म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेकच्या, साइटवर दिसत राहतो. डिमॅटमध्ये असतील तर संख्या तीन दशांश स्थळांपर्यंत जशीच्या तशी लिहा. २१४.३८७ च्या जागी २१४ लिहिलं की ०.३८७ युनिट मागे राहतं आणि खातं बंद होत नाही. ईएलएसएस या करबचतीच्या फंडाचे तीन वर्षं न झालेले युनिट असतील तर ते लॉक-इनमध्ये असतात, साध्या स्लिपने निघत नाहीत. जुन्या डीपीला त्यांच्याविषयी फॉर्म टाकण्याआधीच लेखी विचारा.

दोन्ही डिपॉझिटरी वेगळ्या असतील, म्हणजे जुनं सीडीएसएलमध्ये आणि नवं एनएसडीएलमध्ये, तर स्लिपही आंतर-डिपॉझिटरीची लागते. त्यात प्रत्येक आयएसआयएन दोन्हीकडे चालू असावा लागतो. चालू कंपन्यांना अडचण नसते, अडतो तो एखादा व्यवहार थांबलेला जुना शेअर. तो एकटा मागे राहिला तर खातं बंद होणार नाही. अशा वेळी नाकारल्याचं कारण लेखी मागून घ्या, नुसतं 'टेक्निकल इश्यू' ऐकून घेऊ नका.

फॉर्म पाठवण्याआधी एक संध्याकाळ काढून जुन्या अ‍ॅपमधून कागद उतरवून घ्या, कारण खातं बंद झाल्यावर लॉगिनही जातं. पाचही वर्षांचे काँट्रॅक्ट नोट, ट्रेडबुक, लेजर, करासाठीचा नफा-तोटा अहवाल आणि शेवटचं होल्डिंग स्टेटमेंट खरेदीच्या तारखांसह हवं. याचं कारण पुढच्या वर्षी कळतं. समजा २०२१ मध्ये ४०० रुपयांनी घेतलेले ५० शेअर आज १,००० ला आहेत. स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्यात जाणं ही विक्री नाही, त्यामुळे त्यावर कर नाही, आणि खरेदीची किंमत व तारीख जुनीच धरायची. पण नव्या ब्रोकरला ती माहीत नसते. तो सरासरी किंमत शून्य दाखवतो किंवा हस्तांतराच्या दिवसाचा भाव. शून्य दाखवली तर विकताना ५०,००० चा सगळा नफा दिसेल, खरा आहे ३०,०००. हस्तांतराचा दिवस खरेदीचा म्हणून नोंदला तर चार वर्षं धरलेला शेअर अल्प मुदतीचा दिसेल. बऱ्याच ब्रोकरांकडे खरी किंमत आणि तारीख स्वतः भरायची सोय असते. शेअर आले त्याच आठवड्यात ती भरून टाका.

नव्या खात्यात त्याच कंपनीचे शेअर आधीपासून असतील तर आणखी एक भानगड आहे. 'आधी आलेले आधी विकले' हा नियम प्राप्तिकर विभाग प्रत्येक डिमॅट खात्याला स्वतंत्र लावतो, आणि बाहेर पडण्याचा क्रम खात्यात शिरल्याच्या तारखेवरून ठरतो. म्हणजे २०२१ मध्ये घेतलेले पण आज नव्या खात्यात आलेले शेअर, तिथे आधीपासून असलेल्या शेअरांच्या मागे रांगेत उभे राहतात. मोठी रक्कम असेल तर विकण्यापूर्वी तुमच्या सीएला हे दाखवा. हे हस्तांतर तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती पत्रकात, 'ऑफ मार्केट डेबिट' म्हणून दिसू शकतं. घाबरू नका, स्वतःच्याच खात्यात पाठवल्याचा अभिप्राय तिथे द्या आणि क्लोजर फॉर्मची प्रत जपून ठेवा.

शेअर नव्या खात्यात आले की अ‍ॅपवर न जाता डिपॉझिटरीच्या स्टेटमेंटवर मोजा. १४ च्या १४ आयएसआयएन, प्रत्येकाची संख्या जुन्या होल्डिंगइतकीच. त्यानंतर खातं बंद झाल्याची लेखी कळवणी येते, ती नाही आली तर मागा. दर महिन्याला येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्येही पुढच्या खेपेला जुनं खातं चालू म्हणून दिसायला नको.

वार्षिक शुल्क आगाऊ भरलेलं असेल तर उरलेल्या तिमाह्यांचं परत मिळतं. समजा एप्रिल ते मार्चचे ३०० रुपये कापले आणि ऑगस्टमध्ये खातं बंद झालं. ऑगस्ट दुसऱ्या तिमाहीत येतो, म्हणजे पुढच्या दोन तिमाह्यांचे १५० तुमचे. हे स्वतःहून देणारे कमीच, अर्जात एक ओळ लिहून मागा. आणि दोन खाती असल्यामुळे तुम्हाला आजवर बीएसडीए, म्हणजे मूलभूत सेवेचं डिमॅट, मिळत नसेल. ते फक्त एकटं किंवा पहिलं नाव तुमचं असलेलं एकच डिमॅट असेल तरच मिळतं. जुनं बंद झाल्यावर नव्या ब्रोकरला विचारून बघा. ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला त्यात वार्षिक शुल्क शून्य आहे.

विनंती टाकून काहीच हालचाल नसेल तर आधी ब्रोकरच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, त्यात विनंतीचा क्रमांक आणि तारीख लिहा. फोनवर झालेलं बोलणं पुराव्यात धरता येत नाही. तिथे निकाल लागला नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवा. ब्रोकरला २१ दिवसांत कारवाईचा अहवाल द्यावा लागतो, आणि माझा अनुभव असा की तक्रार नोंदली की अडलेला फॉर्म बहुतेक त्याच आठवड्यात हलतो. तक्रारीत मागणी मोजकी आणि नेमकी लिहा: अमुक तारखेचा क्लोजर कम ट्रान्सफर फॉर्म, लेजर शून्य, प्लेज नाही, तरी खातं बंद नाही, आणि सोबत क्लायंट मास्टर रिपोर्ट जोडलाय.